चपला बाहेर, मग पादुका गाभाऱ्यात कशा?

नमस्कार. आजचा भाग एका प्रेक्षकाच्या शंकेवर आहे. शंका त्यांच्याच शब्दांत वाचतो: "देवळात चप्पल काढायची, कारण चामडं अपवित्र, असं लहानपणापासून ऐकलं. पण माझी चप्पल रबराची आहे, बूट कापडाचे आहेत. मग ते का काढायचे? आणि पायातली वस्तू इतकी अपवित्र असेल, तर गाणगापूरला आणि नरसोबाच्या वाडीला आपण पादुकांवर डोकं कसं ठेवतो?"

पहिला प्रश्न बरेच जण विचारतात. दुसरा फारसा कुणी विचारत नाही आणि खरी मेख त्यातच आहे. तिथपर्यंत पोचायचं आहे, पण आधी नेहमीची उत्तरं तपासून घेऊ. तपासायची रीत सोपी आहे. एखाद्या नियमाचं जे कारण सांगितलं जातं ते खरं असेल, तर नियम त्या कारणाप्रमाणेच वागला पाहिजे. कारण जिथे लागू होत नाही तिथे नियम सैल पडला पाहिजे आणि जिथे लागू होतं तिथे तो हटकून दिसला पाहिजे.

चामड्याला ही कसोटी लावून बघा. अडचण चामड्याचीच असती तर कापडी बूट, रबरी चप्पल, लाकडी खडावा आत चालल्या असत्या. चालत नाहीत. उलट पखवाज आणि मृदंग, ज्यांच्या तोंडावर कातडं ताणून बसवलेलं असतं, ते देवासमोर वाजतात. मृगाजिन म्हणजे हरणाचं कातडंच, आणि ते तर पूजेला, जपाला बसायचं पवित्र आसन मानलं गेलं. म्हणजे कातडं आत गेलेलं आहे, आणि कातडं नसलेली चप्पल बाहेर राहिलेली आहे.

याचा अर्थ चामड्याचा विटाळ ही कल्पना नव्हतीच असं नाही. होती, आणि तिचे परिणाम वाईट झाले. मेलेल्या जनावराच्या कातड्याला हात लावतात म्हणून ते काम करणाऱ्या माणसांनाच देवळाबाहेर ठेवलं गेलं. मृदंग आत आणि मृदंगाचं कातडं कमावणारा बाहेर, ही विसंगती शतकानुशतकं चालली. म्हणून 'चामडं अपवित्र' हे उत्तर सहज तोंडी येतं तेव्हा त्याच्यामागे काय उभं आहे याची जाणीव असू द्या. जैन मंदिरांत आजही पुष्कळ ठिकाणी चामड्याचा पट्टा आणि पाकीट बाहेर ठेवायला सांगतात, पण तिथलं कारण अहिंसेचं आहे. तो चामड्याचा वेगळा नियम झाला. तिथेही कापडी बूट काढावे लागतातच, म्हणजे पादत्राणांचा नियम त्याच्या शेजारी स्वतंत्रपणे उभा आहे.

आता स्वच्छता. हे कारण खोटं नाही. रस्त्यावरची घाण तळव्याला लागून आत येते, आणि जिथे माणसं जमिनीवर बसतात, जेवतात, कपाळ टेकवतात तिथे ती नको, हे उघड आहे. पण हेच एकमेव कारण असतं तर नवी कोरी, डब्यातून आत्ताच काढलेली चप्पल घालून आत जायला हरकत नसायला हवी होती. तशी सूट कुठे नाही. शिवाय चप्पल काढून धुळीच्या अंगणातून अनवाणी चालत गेलेले पाय चालतात. पाय धुवा असं सांगतात, पण न धुतलेल्या पायांकडे ज्या नजरेने बघतात आणि चपलेकडे ज्या नजरेने बघतात, त्यात किती फरक आहे हे तुम्हाला ठाऊक आहे.

स्वच्छता हेच खरोखर कारण असेल तर नियम कसा दिसतो, याचा नमुना इस्लामी परंपरेत सापडतो. हदीसच्या संग्रहांत एक प्रसंग आहे. पैगंबर मुहम्मद पायांत चपला घालून नमाज पढवत होते. मध्येच त्यांनी त्या काढून बाजूला ठेवल्या. मागच्या लोकांनीही पाहून आपापल्या काढल्या. नमाज झाल्यावर त्यांनी लोकांना विचारलं, तुम्ही का काढल्या? लोक म्हणाले, तुम्ही काढल्यात म्हणून. तेव्हा त्यांनी सांगितलं की माझ्या चपलांना घाण लागल्याचं जिब्रील या देवदूताने मला कळवलं. मशिदीत येताना चपला पाहाव्यात, घाण असेल तर पुसावी आणि मग त्या घालून नमाज पढावी. बघा, इथे घाण नसेल तर चप्पल चालते. नियम कारणाप्रमाणे तंतोतंत वागतो. पुढे मशिदींतून चटया आणि गालिचे आले तेव्हा चपला दाराशी काढणं हा सर्वसाधारण रिवाज झाला, आणि त्यातही कारण तेच, बसायची-टेकायची जागा स्वच्छ राहावी. देवळातला नियम असा वागत नाही. तिथे स्वच्छ चप्पलही चप्पलच.

आणि तिसरं उत्तर, जे हल्ली फार फिरतं: फरशीतून ऊर्जा तळव्यांतून अंगात शिरते, दगडाने तळपायाचे बिंदू दाबले जातात, वगैरे. जे जुने ग्रंथ आपण आता उघडणार आहोत त्यांत हे कारण नाही. आणि कसोटीला तर ते क्षणभर टिकत नाही. लाकडी जमीन असो, गालिचा असो, सिमेंटची गच्ची असो, जिथे देव बसवला तिथे चप्पल निघते. मला या उत्तराबद्दल एकच तक्रार आहे. ते इतक्या सहज पटतं की पुढचं शोधायची गरजच वाटेनाशी होते.

तर पुढचं शोधू. पहिला थांबा, गौतम धर्मसूत्र. हा ग्रंथ दोन हजार वर्षांहून जुना, म्हणजे आज दिसतात तशी दगडी मंदिरं उभी राहायच्या आधीचा. आपल्या परिचयाची बांधीव दगडी मंदिरं साधारण गुप्तकाळापासून, चौथ्या-पाचव्या शतकापासून दिसू लागतात. त्याआधीच या सूत्रात सांगितलं आहे की पादत्राणं घालून चार गोष्टी करू नयेत: जेवणं, आसनावर बसणं, थोरांना अभिवादन करणं आणि नमस्कार करणं.

यादीत देऊळ नाही हे लक्षात घ्या. म्हणजे नियम मंदिरातून घराकडे आलेला नाही. तो मोठ्यांसमोर कसं उभं राहायचं याचा नियम होता, आणि देव घरात, देवळात राहायला आल्यावर त्यालाही तोच लागू झाला. जेवणाचं आणि बसण्याचं कारण स्वच्छतेत बसतं. अभिवादनाचं बसत नाही. समोर उभ्या असलेल्या गुरूला नमस्कार करताना माझ्या पायांत काय आहे याने त्यांच्या अंगणाची घाण वाढत नाही. इथे काहीतरी दुसरं चाललं आहे.

ते दुसरं काय, हे बौद्ध भिक्षूंच्या नियमांत स्वच्छ दिसतं. पाली विनयात सेखिय नावाचे पंचाहत्तर शिष्टाचाराचे नियम आहेत. त्यांतले काही धर्म कुणाला शिकवू नये याबद्दल आहेत. ज्याच्या हातात छत्री आहे त्याला शिकवू नये. हातात काठी आहे, सुरी आहे, शस्त्र आहे, त्याला नाही. पायांत पादुका आहेत, वहाणा आहेत, त्याला नाही. वाहनात बसला आहे, त्याला नाही. डोक्याला फेटा गुंडाळला आहे, त्याला नाही. आणि या प्रत्येक नियमात एक शब्द येतो, आजारी नसेल तर. त्याच्याकडे आपण शेवटी येणार आहोत.

आता या यादीत चप्पल कुणाच्या पंगतीत बसली आहे ते पाहा. छत्री, शस्त्र, वाहन, फेटा. यांतल्या एकालाही घाण म्हणता येणार नाही, एकही गोष्ट अपवित्र नाही. त्यांच्यात समान काय आहे? आजच्या छत्रीचा विचार थोडा बाजूला ठेवा. त्या काळात डोक्यावर छत्र, हातात तलवार, बुडाखाली रथ किंवा हत्ती, डोक्याला पागोटं आणि पायांत जोडा असलेला माणूस म्हणजे कोण? ज्याला ऊन लागत नाही, धूळ लागत नाही, ज्याला चालावं लागत नाही. मोठा माणूस. सामान्य लोक पिढ्यान्पिढ्या अनवाणी चालत होते, हे विसरू नका. जोडा ही ऐपतीची आणि अधिकाराची खूण होती.

हिंदू परंपरेत हीच जोडी पुन्हा भेटते. वैष्णवांमध्ये देवाच्या सेवेत होणाऱ्या बत्तीस अपराधांची एक यादी आहे, सेवापराध म्हणतात. सोळाव्या शतकातल्या हरिभक्तिविलास या ग्रंथात ती सापडते. तिची सुरुवात अशी:

(पडद्यावर: यानैर्वा पादुकैर्वापि गमनं भगवद्गृहे)

वाहनात बसून किंवा पादुका घालून देवाच्या घरी जाणं. दोन्ही एका दमात, एकच अपराध. आता प्रेक्षकाची रबरी चप्पल आठवा. इथे चामड्याचा उल्लेखच नाही, उल्लेख पादुकांचा आहे, आणि पादुका म्हटलं की आपल्याला खडावा आठवतात, लाकडाच्या. आणि तिच्याबरोबर पालखी-रथ आहे. देवाच्या दारात पालखीतून उतरायचं, आणि त्याच कारणाने जोड्यातूनही उतरायचं.

हे सगळं एकत्र घडताना बघायचं असेल तर एक प्रसंग सविस्तर पाहू. जैन आगमांत औपपातिक सूत्र आहे. त्यात राजा कूणिक, म्हणजे बौद्ध ग्रंथांतला अजातशत्रू, भगवान महावीरांच्या दर्शनाला निघतो. महावीर चंपा नगरीबाहेर पूर्णभद्र चैत्यात उतरलेले असतात. राजा साध्या वेशात निघत नाही. स्नान, अलंकार, चतुरंग सेना, राण्या, वाजंत्री, आणि स्वतः पट्टहत्तीवर. सूत्रात या मिरवणुकीचं लांबलचक वर्णन येतं, जणू पुढच्या एका वाक्यासाठी मुद्दाम उभं केलेलं. चैत्य दृष्टीस पडताच राजा हत्ती थांबवतो, खाली उतरतो, आणि पाच वस्तू अंगावेगळ्या करतो: खड्ग, छत्र, मुकुट, वहाणा आणि चवरी. मग उपरणं खांद्यावरून नीट घेऊन, हात जोडून, पायी पुढे जातो.

या पाच वस्तूंना एकत्र नाव आहे, राजचिन्हं. बौद्ध ग्रंथांतही राजाच्या पाच चिन्हांत पादुका आहेत. म्हणजे जोडा हा तलवार आणि मुकुटाच्या बरोबरीचा. कूणिकाने वहाणा काढल्या त्या मळल्या होत्या म्हणून नव्हे. हत्तीवरून आलेल्या राजाच्या वहाणांना कुठली घाण लागणार? त्याने मुकुटाबरोबर त्या काढल्या, कारण दोन्हींचा अर्थ एकच होता, इथे राजा मी आहे. समोर जो बसला आहे त्याच्यापुढे तो अर्थ चालणार नव्हता. जैन श्रावकाने मंदिरात शिरताना पाळायच्या रीती, ज्यांना अभिगम म्हणतात, त्यांत हाच प्रसंग अजून जिवंत आहे.

आता प्रेक्षकाची दुसरी शंका घेऊ, कारण इथपर्यंत आल्यावर ती आपोआप सुटत जाते.

रामायण आठवा. भरत चित्रकूटला जातो, रामाला परत यायची विनवणी करतो, राम येत नाही. तेव्हा भरत सोन्याने मढवलेल्या पादुका पुढे करतो आणि रामाला त्यांवर पाय ठेवायला सांगतो. राम पाय ठेवतो, उतरतो, आणि पादुका भरताला देतो. भरत त्या डोक्यावर घेतो. नंदिग्रामात तो त्यांना अभिषेक करतो, त्यांच्यावर छत्र धरतो, चवरी ढाळतो, आणि राज्यकारभारातली प्रत्येक गोष्ट आधी त्यांना निवेदन करतो.

पादुकाच का मागितल्या? उत्तरीय मागता आलं असतं, अंगठी मागता आली असती. आठवण म्हणून कुठलीही वस्तू चालली असती, पण भरताला आठवण नको होती. त्याला सिंहासनावर ठेवता येईल अशी, राज्य कुणाचं आहे हे सांगणारी वस्तू हवी होती. ज्या पाच चिन्हांत पादुका आहे, त्यांतली दुसरी दोन, छत्र आणि चवरी, तिच्या सेवेला लागलेली दिसतात. अपवित्र वस्तूला कुणी असं वागवत नाही.

म्हणून गाणगापूरच्या निर्गुण पादुका, नरसोबाच्या वाडीच्या मनोहर पादुका, औदुंबरच्या विमल पादुका. म्हणून आळंदीहून पंढरपूरला पालखीत ज्ञानेश्वर महाराजांच्या पादुका बसतात आणि लाखो लोक पायी चालतात. लक्षात आलं का, वाहन आणि पादुका ही दोन्ही चिन्हं इथे आहेत, फक्त ती माउलींकडे गेली आहेत. ज्याची सत्ता त्याच्या पादुका आत. आपल्या बाहेर. दोन्ही गोष्टी एकाच नियमातून येतात, त्यात विरोध नाही.

हा नियम मानाचा आहे हे कळायला जुने ग्रंथच लागतात असं नाही. एकोणिसाव्या शतकात तो कोर्टात गेला. इंग्रज अधिकाऱ्यांनी पाहिलं की हे लोक आदर दाखवायला जोडे काढतात, तर मग आमच्यासमोरही काढा. हळूहळू ही सक्ती कडक झाली. सरकारी कचेऱ्यांत शिरताना देशी जोडा काढायचा, मात्र युरोपीय पोशाखात आलात तर सूट. ही सूट फार बोलकी आहे. साहेबी बुटाला कचेरीतली धूळ चालत होती, देशी जोड्याला चालत नव्हती.

1862 मध्ये सुरतेच्या सत्र न्यायालयात माणेकजी कावसजी एंटी हे असेसर, म्हणजे खटल्यात न्यायाधीशाला सल्ला देणारे सभासद, जोडे काढायला तयार झाले नाहीत. न्यायाधीश म्हणाले, वरिष्ठांचा मान राखायची ही तुमचीच रीत आहे. माणेकजी मागे हटले नाहीत, त्यांना न्यायालयात प्रवेश नाकारला गेला, आणि त्यांनी मुंबईच्या गव्हर्नरकडे निषेधाचं पत्र पाठवलं. त्या वादात भारतीयांची बाजू अशी मांडली गेली की घरी आणि पवित्र जागी आम्ही जोडे काढतो ते घाण आत येऊ नये म्हणून आणि चामडं अपवित्र मानतो म्हणून. कचेरी हे घरही नाही आणि देऊळही नाही, ती रस्त्यासारखी सार्वजनिक जागा.

म्हणजे प्रेक्षकाने लहानपणी ऐकलेली कारणं इथे एका वादात, वकिली युक्तिवाद म्हणून, आपल्याला दिसतात. माझा अंदाज असा की मान हे कारण त्या वेळी तोंडाने कबूल करणं अवघड होतं. ते कबूल केलं असतं तर न्यायाधीश म्हणाले असते, मग माझाही मान राखा. घाण आणि चामडं ही कारणं तिथे सोयीची होती.

त्याच काळात ब्रह्मदेशात याच्या उलट चित्र होतं. मंडालेला राजा मिंडॉनच्या दरबारात इंग्रज राजदूताने बूट काढायचे आणि जमिनीवर बसायचं अशी रीत होती. 1875 नंतर हिंदुस्थान सरकारने सांगितलं, आमचा माणूस बूट काढणार नाही. राजानेही मग त्याला भेट दिली नाही. ज्यांनी सुरतेत जोडे काढायला लावले त्यांना मंडालेत ते काढायचे नव्हते. दोन्हीकडे फरशीच्या स्वच्छतेची चिंता कुणाला नव्हती, आणि दोन्ही बाजूंना बुटाचा अर्थ नेमका माहीत होता.

आता राहिलेला शब्द. आजारी नसेल तर.

विनयाच्या त्या प्रत्येक नियमात ही सूट आधीपासूनच आहे. आजारी माणूस चप्पल घालून, छत्री धरून, वाहनात बसून ऐकू शकतो. घाणीच्या नियमाला अशी सूट देता येत नाही, कारण आजाऱ्याच्या चपलेची घाण कमी होत नाही. मानाच्या नियमाला देता येते, कारण ज्याचा पाय दुखतो तो तोरा मिरवायला चप्पल घालत नाही.

हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण बऱ्याच घरांत मधुमेह आहे. जुन्या मधुमेहात तळपायाची संवेदना कमी होते. उन्हात तापलेल्या दगडावरून असा माणूस चालत जातो तेव्हा त्याला भाजल्याचं कळतच नाही. फोड दिसतात ते घरी गेल्यावर, आणि ती जखम भरायला फार वेळ घेते, कधी चिघळते. असं कुणी घरात असेल तर दर्शन सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर ठेवा, जाड सुती मोजे घाला, परत आल्यावर तळवे नीट बघा, स्वतःला दिसत नसेल तर दुसऱ्याकडून बघून घ्या. एक सांभाळा, मोज्यांमुळे ओल्या गुळगुळीत फरशीवर पाय सरकतो. मोजे चालतात का हे देवस्थानागणिक बदलतं, म्हणून दारावरच्या सेवेकऱ्याला आधी विचारा आणि कारणही सांगा. कृत्रिम पाय, पट्टी बांधलेली जखम, डॉक्टरांनी दिलेला खास बूट यांबद्दलही तसंच. आणि परवानगी मिळालीच नाही, तर पायाला इजा करून घेऊन आत जाऊ नका, बाहेरूनच कळसाला हात जोडा. तेही दर्शनच मानतात.